पेंढ्यावरचं लिंबू

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तोही आईच्या गाईच्या दुधावर झालेला. म्हणून गेल्या उन्हाळ्यात कडबा संपला आणि आई म्हणाली, "आता गाय मामाकडं धाडू, माळशिरसला," तेव्हा मला गप्प बसवेना. मावळातून भाताचा पेंढा आणला. गाईनं हुंगून मान फिरवली.

"तुजं शिक्षाण आता गाईला खायला घाल," आई म्हणाली.

युरिया मुरवून पेंढा मऊ करायला मी तीन आठवडे मागून घेतले. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. पेंढ्याचा थर, त्यावर झारीनं पाणी, मग पायानं तुडवणं, पुन्हा थर. उरलेलं विषारी पाणी गाईच्या तोंडाशी जाऊ नये म्हणून तेही पेंढ्यावरच संपवलं. वर प्लास्टिक, कडेनं माती. आत तयार होणारा अमोनिया वायूच पेंढा मऊ करतो; तो बाहेर गेला की सगळा खटाटोप वाया.

वायू बाहेर घालवायला माझे चुलते होतेच. दुसऱ्या दिवशी कोपरा उचलून नाक आत घालून उभे.

"काका, काय करताय?"

"शिजलं का बघतो की."

"एकवीस दिवस लागतात."

"आरं, भातसुद्दा झाकण काडून बघत्यात!"

मी कडा लिंपल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा कोपरा वर. वायूचं शास्त्र मी तीनदा सांगितलं. काका तिन्ही वेळा "व्हय व्हय" म्हणाले. शेवटी पदवी बाजूला ठेवली. पुन्हा कडा लिंपून दिवस पहिल्यापासून मोजायला घेतले आणि पहाटे ढिगावर एक लिंबू ठेवलं. त्याला हळदकुंकू लावलं. कुणाला काही बोललो नाही.

काका त्या दिवसापासून गोठ्याला वळसा घालून जाऊ लागले. शेजारची काकू जाता-येता हात जोडायची. एकदा तिथं उदबत्तीही दिसली. प्लास्टिकला लागू नये म्हणून मी ती घाईनं उचलली. आई माझ्याकडं बघून नुसती गालात हसली.

एकविसाव्या दिवशी ढीग उघडला. पेंढा पिवळसर तपकिरी, मऊ झालेला. पण उत्साहात मी तो तसाच गाईपुढं टाकला. गाय फुरफुरली, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"कुटनं शिकून आलास?" आई म्हणाली. "वास जाऊ दे आदी."

तिनंच तो अंगणात पसरला. दुपारनंतर थोडासाच टाकला, वाळक्या कडब्याच्या उरलेल्या चुऱ्यात मिसळून. गाईनं गव्हाण चाटून पुसली आणि आईकडं बघून हंबरली.

"मामाला फोन कर," आई म्हणाली. "गाय येत न्हाय म्हणावं."

संध्याकाळी काका वही घेऊन आले. त्यांनाही पेंढा करायचा होता. मी सगळं नीट सांगितलं: पेंढा किती, युरिया किती, पाणी किती. त्यांनी एकेक ओळ लिहून घेतली, पेन्सिल कानावर ठेवली, मग पुन्हा काढली.

"आन् लिंबं किती?"


मी तोंड उघडायच्या आत आई चुलीजवळून म्हणाली, "एकच. पण उचलून बघायचं न्हाय."