परिचय की पंचनामा

औषधांच्या खिडकीवर बसणाऱ्या आमच्या फार्मासिस्टबाईंना सगळं हॉस्पिटल पाठीमागे ‘ठिणगी’ म्हणतं. त्यांना ते माहीत आहे. कर्मचारी संघटनेच्या समारंभात सत्कारमूर्तींची ओळख करून देण्याचं काम बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं, कारण आवाज खणखणीत आणि माइकची भीती नाही.

त्या वर्षी पुरस्कार होता आयसीयूच्या सिस्टरना. संघटनेच्या सचिवांनी ठिणगीबाईंच्या हातात दोन पानं ठेवली. रुजू कधी झाल्या, कुठली प्रशिक्षणं केली, कोणकोणत्या समित्यांवर होत्या.

“एवढं वाचून दाखवा,” सचिव म्हणाले.

बाईंनी पानं चाळली आणि त्यांचं डोकं फिरलं. “यात बाई कुठंय? हे कपाटाचं वर्णन झालं! सिस्टरांना यातलं एकही पान वाचून कुणी ओळखणार नाही.”

“मागच्या वर्षीही असंच वाचलं होतं ना?”

“हो, आणि अर्धं सभागृह मोबाइलमध्ये होतं.”

एकच प्रसंग सांगायचा, तोही तीन मिनिटांत, असं त्यांनी ठरवलं. आयसीयूतल्या मावशी त्या प्रसंगी तिथे हजर होत्या. त्यांच्याकडून सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग बाई थेट सिस्टरांकडे गेल्या. “खुर्च्यांचं सांगू का?”

सिस्टर हसल्या. “सांग. पण त्या आजींचं नाव नको, आणि पेशंटला काय झालं होतं तेही नको. त्यांच्या घरचं आहे ते.”

घरी बाईंनी सासूबाईंना समोर बसवून मोठ्याने म्हणून पाहिलं. सासूबाई मधेच म्हणाल्या, “तपासणीचं नंतर सांग गं, आधी त्या म्हातारीला बसायला मिळालं का ते सांग!” बाईंनी तपासणीबद्दलची चार वाक्यं तिथल्या तिथे काढून टाकली.

समारंभाला व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून हॉस्पिटलचे अधीक्षक होते. बाई माइकपाशी आल्या. हातात कागद नव्हता.

“हॉस्पिटलची तपासणी होती,” त्यांनी सुरुवात केली. “कॉरिडॉर मोकळा दिसावा म्हणून आयसीयूबाहेरची बाकं उचलून गोदामात टाकली गेली. आत एका आजींचे यजमान होते. आजी सकाळपासून भिंतीला टेकून उभ्या होत्या. जमिनीवर बसायला गेल्या, तर वॉचमनने उठवलं. आज घाण दिसायला नको, म्हणे.”

सभागृहातले मोबाइल खाली झाले.

“ड्यूटीवरच्या सिस्टरनी हे पाहिलं. दुसऱ्या सिस्टरवर पेशंट सोपवले आणि त्या मीटिंगच्या खोलीत गेल्या. तिथल्या गादीच्या खुर्च्या मावशींच्या मदतीने एकेक करून बाहेर आणल्या. पहिल्या खुर्चीवर आजींना बसवलं, पाणी दिलं. मग बाकीचे नातेवाईक बसले. थोड्या वेळाने तपासणीचे साहेब मीटिंगला आले, तर खोलीत नुसतं टेबल! खुर्च्या कुठे, म्हणून आरडाओरडा झाला. सिस्टर म्हणाल्या, ‘साहेब, खुर्च्या कामात आहेत. तुम्ही आत्ता आलात, त्या आजी सकाळपासून उभ्या होत्या.’ त्या दिवशीची मीटिंग उभ्याने झाली. दुसऱ्या दिवशी सिस्टरना मेमो मिळाला. तो मेमो त्यांच्या कामगिरीच्या यादीत नाही. मी तो आज त्यात घालते. पुरस्कार स्वीकारायला येत आहेत, आयसीयूच्या सिस्टर!”

सगळ्यात आधी मावशी उठल्या, मग सगळं सभागृह. टाळ्या थांबेनात. अधीक्षकांनी हसत शाल घातली. हसू ओठांपुरतंच होतं. बाकं उचलायचा हुकूम कुणाचा होता, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

चहाच्या वेळी अधीक्षकांनी बाईंना गाठलं. “हा परिचय होता की पंचनामा?”

“परिचयच होता, सर. पंचनामा हवा असेल तर तोही करते. बाकं अजून गोदामातच आहेत.”

सचिवांचा चहा कपातच राहिला.

महिन्याभरात बाकं बाहेर आली. सगळी नाहीत, अर्धीच. संघटनेच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर फोटो छापून आला: अधीक्षक एका बाकाची फीत कापताहेत, खाली ‘रुग्णांच्या नातेवाइकांसाठी अभिनव उपक्रम’. सिस्टरांचा परिचय शेवटच्या पानावर होता. सचिवांनी दिलेला तोच मजकूर, समित्यांसकट. खुर्च्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

ठिणगीबाई वार्तापत्र घेऊन तडक सचिवांकडे गेल्या. “मी सांगितलेला प्रसंग कुठे गेला?”

“जागा कमी पडली हो.”

“फीत कापायला बरी जागा होती!”

“आता कशाला विषय वाढवता? आणि हे बघा, पुढच्या वर्षीपासून परिचय छापूनच देणार आहोत. तुम्हालाही त्रास नको.”

“त्रास मला कधीच नव्हता,” बाई म्हणाल्या. रागाने त्यांचा आवाज चिरकला, पण त्या थांबल्या नाहीत. “तुम्हाला सत्कार हवा, माणूस नको. शाल घातली की माणूस झाकला गेला, मोकळे झालात!”

वार्तापत्र त्यांच्या टेबलावर आपटून त्या परतल्या. खिडकीसमोर रांग लागली होती. त्यांनी डोळे पुसले, खिडकी सरकवली आणि पहिल्या माणसाच्या हातातली चिठ्ठी घेतली.