पिवळ्या पट्टीवरच्या चपला

मला अंधुक दिसतं. शहाद्याच्या एका सरकारी कचेरीत करड्या फरशीवर पिवळी पट्टी बसवली, तेव्हा मी पहिल्यांदा तिथे एकटा गेलो. लांब उंचवट्यांवरून सरळ चालायचं, गोल ठिपके लागले की थांबायचं; पुढे पायरी, वळण नाहीतर खिडकी असते. पण दारातच काठी अडली. आमच्याकडे माणसं कचेरीत शिरतानाही चपला काढतात, आणि त्या नेमक्या पिवळ्या पट्टीवर ओळीने मांडल्या होत्या. मी भडकलो. "ही आंधळ्यांची वाट आहे, चपलांची नाही!"

दाराशी बसलेली एक म्हातारी उठली आणि तिने सगळ्या चपला भिंतीकडे सारल्या. मी ठिपक्यांपर्यंत पोचलो. निळ्या पाटीवरचं पांढरं, ठसठशीत 'खिडकी तीन' माझं मला वाचता आलं. काम झालं. तोवर शेजारच्या खिडकीवर एकच नंबर पुन्हा पुन्हा पुकारत होते, कुणी येईना.

परतलो तर पट्टी दारापर्यंत मोकळी होती. म्हातारी येणाऱ्या प्रत्येकाला पट्टी दाखवून सांगत होती, "आठे चपला नका ठेवा, भो."

मी विचारलं, "आजी, तो नंबर तुमचा तर नव्हता?"

"मन्हाच व्हता. तुम्ही निंघा दादा, मंग मी जास."