सात नंबरचा लॅपटॉप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या मुलीला हवा असलेला लॅपटॉप दुकानात होता. तो संपलाय असं तिला सांगा, म्हणून आदल्या दिवशी मीच दुकानदाराला फोन केला होता.

ती नुकतीच मेकॅनिकल इंजिनिअरिंगला लागली होती. केशवापुरातल्या त्या दुकानात ती जवळजवळ नाचतच शिरली. "अप्पा, रायझन फाइव्ह, सहा कोर, सोळा जीबी रॅम. कॅडवर ड्रॉइंग करायला हेच लागतं, कंपनी कुठलीही असू दे."

मी हुबळीच्या बाजारात कापड विकतो. आमच्याकडे ऐंशी नंबरच्या सुतापेक्षा शंभर नंबरचं सूत भारी. तेवढ्याच किमतीत चांगल्या कंपनीचा आय-सेव्हन मिळत असताना पोरीनं पाचावर का थांबावं?

"तो संपला, बाळ. हा बघ, सात आहे," दुकानदार म्हणाला.

तिनं खोक्यावरचं सगळं वाचलं आणि दुकानदाराला म्हणाली, "अण्णा, हा चार पिढ्या जुना. कोर चारच. रॅम आठ, तीही वाढवता येत नाही." मग माझ्याकडे बघून हसली. "असू दे, अप्पांना आवडलाय. सोमवारी कॉलेज आहे."

रिक्षात ती खोकं मांडीवर घेऊन अखंड बोलत होती. मीही हरखून गेलो होतो.

आता मोठं ड्रॉइंग उघडलं की तो अडकून बसतो. "तो परत येईपर्यंत मीच थांबायला हवं होतं," असं ती म्हणते. चूक तिची नव्हती, हे मला तिला अजून सांगायचं आहे.