दहा दोनदा

स्वच्छता शिकवावी तर मीच, असा माझा तोरा होता. एटापल्लीकडच्या आमच्या शाळेत मी पोरांना ठणकावलं, खोकला आला तर कोपरात खोकायचं, आणि जेवणाआधी साबण लावून वीस मोजेपर्यंत हात चोळायचे. पहिलीतल्या एका पोरीला दहापर्यंतच मोजता यायचं. तिला म्हटलं, दहा दोनदा मोज.

त्याच दुपारी तिला खिचडी वाढताना मला खोकला आला आणि सवयीने तळहातच तोंडावर गेला. तिने ताट मागे घेतलं.

"बाई, हात धुऊन या ना."

मी नळाशी गेले. ती मागोमाग येऊन मोजू लागली. दहा होताच मी साबणाचे हात पाण्याखाली धरले.

"काऊन थांबल्या, बाई? अजून दहा बाकी हायेत."