बाजाराच्या दिवशीची सुई

बाहत्तरच्या सुमारास मी नगरच्या एका रुग्णालयात डॉक्टर होते, आणि रक्ताची तपासणीही स्वतःच करायची. नसत्या चौकशा करायची खोड मला लहानपणापासूनची.

अकोले तालुक्यातला एक शेतकरी बायकोबरोबर आला. तोंड तांबडंलाल, डोकं ठणकतंय, वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी. गावात मात्र सगळे म्हणत, गडी काय सुधारलाय! तरुणपणी गालगुंडं होऊन त्याचे अंडकोष सुकले होते. म्हणून आम्हीच त्याला टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचं, तेलातलं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी लिहून दिलं होतं.

मी रक्त बारीक नळीत घालून यंत्रात फिरवलं. लाल पेशींचा थर निम्म्याच्या आसपास थांबायला हवा, तो साठ टक्क्यांच्या घरात गेलेला. पहाटेपासून पाणी न पिता तो एसटीने आला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी पाजून पुन्हा पाहिलं. थर जेमतेम हलला. पांढऱ्या पेशी नेहमीसारख्या, प्लीहा वाढलेली नाही, छाती साफ, विडीही नाही. मग एवढं रक्त करायला लावतंय कोण? मला चैन पडेना.

"सुई कधी घेता?" मी विचारलं.

"बाजाराच्या दिशी. भाजी घ्यायची आन् कंपाउंडरकडं जायाचं."

"दर बाजाराला?"

"व्हय. तिसऱ्या आठवड्यात आंग गळतं, बाई. तवर कोन थांबतंय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. तिप्पट औषध! ते जास्त झालं की शरीर लाल पेशी वाढवत सुटतं, रक्त दाट होतं, गुठळी झाली तर अर्धांगवायूही होऊ शकतो. त्रास एवढा वाढलाय तर एक बाटली रक्त काढू, मी सांगितलं, पण सुईही थांबवावी लागेल. रक्त उतरलं की कमी मात्रेवर पुन्हा सुरू करू.

तो हबकला. "रगत हवं तेवढं काढा. सुई न्हाई थांबवायची. पुन्हा खाटंवर पडून ऱ्हायाचं का मी?"

त्याची भीती मला कळत होती, आणि रागही येत होता. "झरा चालू ठेवून विहीर किती उपसणार?" मी म्हटलं. "सारखं रक्त काढलं तर अंगातलं लोहच संपेल."

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली, अगदी शांतपणे. "तुमी खाटंवर पडून व्हता, तवाबी संसार मीच केला. पडून ऱ्हावा. पुन्ना उठाया तरी तुमी जित्तं पायजे."

"बरं, सुईबी थांबवा," म्हणत त्याने बाही वर सारली. रक्त बाटलीत संथ उतरत होतं, चांगलंच काळपट. बायको त्याच्या उशाशी बसून राहिली, आणि तिने त्याचा दुसरा हात धरला.