घोरासुराचा चषक

नलूला रागवायला कारण लागत नाही, असं काळाचौकीच्या त्यांच्या चाळीत सगळे म्हणतात. साफ खोटं! कारणं तिच्यापाशी ढिगाने होती, ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती एवढंच.

पहिलं कारण तिचा नवरा. अवधूत, वय सत्तेचाळीस, रे रोडच्या लाकडाच्या वखारीत करवतीच्या मोठ्या मशीनवर. बावीस वर्षं लाकूड कापतोय आणि दहाच्या दहा बोटं शाबूत. त्या धंद्यात ही काय साधीसुधी गोष्ट नाही. पण गेली दोन वर्षं या माणसाला झालं होतं काय कोण जाणे! जेवता जेवता डुलकी. बोलता बोलता डुलकी. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हातात अक्षता घेऊन हा उभ्या उभ्या झोपला. रात्री नऊला पाठ टेकायचा, सकाळी सहाला उठायचा आणि वर म्हणायचा, "नलू, डोकं जाम धरलंय गो. झोपच झाली नाही बघ."

"झोप झाली नाही? अहो, अख्ख्या चाळीची झोप खाऊन बसलात की तुम्ही!" नलू म्हणायची.

कारण अवधूतचं घोरणं म्हणजे घोरणं होतं. उकडतं म्हणून तो बाहेर गॅलरीत पथारी टाकायचा आणि वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. आत खोलीत नलू कानावर उशी दाबून पडायची. मधेच ते थांबायचं. एकदम गप्प. मग नलू म्हणायची, बरं झालं बाई, थांबलं. आणि तेवढ्यात डोळा लावून घ्यायची.

दुसरं कारण वखारीचे मालक. त्यांनी अवधूतला मशीनपाशी पेंगताना दोनदा पकडलं आणि चार माणसांत विचारलं, "दारू पिऊन येतोस काय रे?" ज्याने शिमग्यालासुद्धा कधी थेंब शिवला नाही, त्याला! तिसऱ्यांदा दिसलास तर घरी बस, असंही ठणकावलं. आणि तिसरी वेळ आलीच होती, फक्त मालकांना कळली नाही. अवधूतची मान खाली गेली, हात फळीबरोबर पुढे सरकला, आणि जोडीदार शिवाने मागून कॉलर धरून ओढला. शर्टाची बाही करवतीने फाडली. शिवाने ती फाटकी बाही नलूला आणून दाखवली. नोकरी जाते की हात जातो, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

आणि अशात गणपती आले. मंडळाचा सुशांत, पंचवीस-सव्विशीचा, तोंडाने फाटका पण कामाला वाघ. सातव्या दिवशीच्या कार्यक्रमात दरवर्षी थट्टेचे चषक वाटायचं काम त्याचंच. कुणाला भांडखोर चषक, कुणाला उधार-साखर चषक. यंदा त्याने माईकवर आरोळी ठोकली, "आणि घोरासूर चषक... आपले अवधूतदादा! पुरावा ऐका!"

गॅलरीत जाऊन मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं मेल्याने. स्पीकरवर घर्रघर्र सुरू झाली, मांडव हसून लोटपोट. मग आवाज बंद पडला. "गाडी बंद! धक्का मारा रे कुणीतरी!" सुशांत ओरडला. थोड्या वेळाने बुडता माणूस वर यावा तशी खस्सकन ओढलेला एक श्वास, आणि पुन्हा घर्रघर्र. टाळ्या, शिट्ट्या. चषक द्यायला पुकारलं तर अवधूत पुढच्या खुर्चीत खरोखरच झोपलेला. मग तर विचारूच नका!

रेकॉर्डिंग चालूच होतं. नलूही ओशाळं हसत होती. दुसऱ्यांदा आवाज बंद पडला तेव्हा नकळत तिनेही श्वास रोखला. रोखला, रोखला, आणि मग राहवेना म्हणून सोडला. स्पीकरवर अजून काहीच नव्हतं. तिने दुसरा श्वास घेतला, तिसरा घेतला. तरी नाही.

तिचं हसू जागच्या जागी मेलं. ती उठली, स्टेजवर चढली आणि सुशांतच्या हातातला मोबाईल हिसकावून घेतला. "वहिनी, जोक होता!" तो म्हणाला. "तुझ्या जोकला आग लाव," नलू म्हणाली, "आणि हे मला आत्ताच्या आत्ता पाठव."

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला ओढतच परळच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. छातीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. हसल्या नाहीत. अवधूतच्या गळ्याचा घेर मापला, विचारलं, सकाळी डोकं दुखतं? रात्री लघवीला सारखं उठता? रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत? त्या घेऊनही दाब उतरत नाही?

"हो," अवधूत म्हणाला. "पण मॅडम, घोरतात तर सगळेच."

"घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो. पण घोरणं मधे बंद पडून दचकून श्वास येत असेल आणि दिवसा अशी झोप येत असेल, तर शंका घ्यायची. झोपेत घसा सैल पडून मिटतो. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मग मेंदू क्षणभर जागं करतो. तुम्हाला आठवतही नाही. तुम्ही रात्रभर झोपत नाही, रात्रभर सारखे जागे होत राहता. पक्कं तपासणीनंतर सांगेन. तोवर करवतीला हात लावायचा नाही."

तपासणीला एक रात्र अंगभर वायरी लावून झोपवलं. निकाल आला, तासाला अठ्ठेचाळीस वेळा श्वास अडतो. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन रोज वापरायचं ठरलं. वजनही उतरवायचं होतं.

कागद घेऊन नलू आधी वखारीत गेली आणि मालकांच्या टेबलावर आपटला. "वाचा. दारूचं नाव कुठे दिसतं का?" मालकांनी वाचलं, मान खाली घातली आणि अवधूतला माल मोजायच्या कामावर घेतलं. माफी मात्र नाही मागितली. नलूच्या ते अजून लक्षात आहे.

मग चषक घेऊन ती मंडळाच्या खोलीत शिरली. सुशांत आणि सहा-सात जण कॅरम खेळत होते.

"आवाज बंद पडला की श्वास सोडा सगळ्यांनी, आणि नाक धरा. ह्यांचा श्वास परत आला की मगच घ्यायचा," म्हणत तिने रेकॉर्डिंग लावलं.

तिचा चेहरा बघून कुणी नाही म्हणालं नाही. घर्रघर्र झाली, आवाज बंद पडला. एकाने सोडलं. दुसऱ्याने सोडलं. सुशांत लाल होईपर्यंत टिकला आणि मग धापा टाकत टेबलावर वाकला. मोबाईल अजून गप्प होता. मग तो खस्सकन ओढलेला श्वास आला.

"वहिनी, आम्हाला ठाऊक नव्हतं हो," सुशांत रडवेला होऊन म्हणाला. "माझी चूक झाली."

नलू त्याला फाडून खायला आली होती. तोंडही उघडलं होतं. पण शब्द निघाला तो भलताच.

"तू एक रात्र ऐकलंस रे," ती म्हणाली. "मी दोन वर्षं ऐकलं. आणि ते बंद पडलं की मी म्हणायचे, बरं झालं."

तिने चषक कॅरमवर ठेवला आणि घरी गेली. अवधूतला झोपायच्या आधी तो मास्क अजून नीट बांधता येत नव्हता.