दुपारचं मी बघतो

आमच्या घरात ‘बघतो’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. मी म्हणते तेव्हा ते काम झालेलं असतं. नवरा म्हणतो तेव्हा तो तिकडे नजर टाकणार असतो. पाण्याची मोटर, मागच्या दाराची कडी, पंख्याची करकर, सगळं त्याने बघितलेलं आहे. दुरुस्त यातलं काहीच झालेलं नाही.

तरी त्याने पिल्लू आणलं. ऑफिसातल्या कुणाच्या पडवीत कुत्री व्यायली होती, त्यातली ही एक. तपकिरी रंगाची, पोट एवढंसं, कान पडलेले, दोन महिन्यांची जेमतेम. मी म्हटलं, घरात आपण तीन माणसं आणि तिघंही कामाला जाणारी. मी बँकेत, तू ऑफिसात, आई दहा ते चार बचत गटाच्या मसाल्याच्या कामाला. दिवसभर हिच्याजवळ कोण?

“सकाळ-संध्याकाळ तू कर. दुपारचं मी बघतो,” तो म्हणाला. “माझं ऑफिस काय लांब आहे? एक वाजता जेवायला घरी येतोच की.”

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पहिला डोस दिला, जंताचं औषध पाजलं आणि त्यांच्याकडून सगळं नीट समजून घेतलं. दोघंही होतो तिथे. त्याला कान आहेत, हे मी शपथेवर सांगते. पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्यायचं आणि रोज त्याच वेळेला, म्हणजे पोट साफ व्हायची वेळही ठरते. झोपेतून उठल्या उठल्या बाहेर न्यायचं, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यायचं. तिने बाहेर केलं की तिथल्या तिथे शाबासकी द्यायची. घरात केलं तर गुपचूप पुसायचं. नंतर ओरडून तिला काही कळत नाही, फक्त आपली भीती बसते. आणि सगळे डोस होईपर्यंत रस्त्यावर न्यायचं नाही, इतर कुत्र्यांच्या वासात तर नाहीच. घरामागे आमचं परडं आहे, भोवती चिऱ्याचा गडगा आहे, तेवढं फिरणं पुरे. दूध द्यायचं नाही.

यात न कळण्यासारखं काय आहे, मला कुणी सांगावं.

माझी बाजू मी चोख केली. सहाला उठायचं, तोंड धुवायच्या आधी हिला उचलून परड्यात. मग मऊ भात आणि उकडलेलं अंडं, नाहीतर चिकनचे बारीक तुकडे. परत परडं. निघताना पुन्हा एकदा. संध्याकाळी आले की पर्स खुंटीला आणि मी परड्यात. मग पाच मिनिटं ‘बस’, पाच मिनिटं ‘ये’. पाचाच्या वर तिचं लक्ष राहत नाही, फुलपाखरू दिसलं की शाळा सुटली. आठवडाभरात ती माझ्या आवाजाला धावत यायला लागली. सकाळी ती घरात एकदाही करत नसे.

दुपारी मात्र रोज करायची.

चारनंतर सासूबाई सगळ्यात आधी घरी येत. दिवसभर मिरच्यांच्या खकाण्यात बसून आलेली बाई, दार उघडते तर पायपुसणं ओलं. कधी सोफ्यामागे. कधी देवघराच्या उंबऱ्यापाशी, आणि त्या दिवशी मग घरात कुणाशी कुणी बोलत नसे. पुसायचं त्यांनाच लागे. त्या चिडणार नाहीत तर काय करतील?

“दुपारी बाहेर नेली होतीस ना?” मी नवऱ्याला विचारायची.

“बघितलं गं मी तिचं सगळं. मठ्ठ आहे ती. ही गावठी कुत्री अशीच.”

मठ्ठ. सकाळी सहाला हुशार असलेलं पिल्लू दुपारी एकला मठ्ठ कसं होतं? वर एकदा त्याने तिचं नाक त्या ओल्या जागेवर दाबलं. त्याच्या लहानपणी शेजारी असंच करायचे म्हणे. तेव्हापासून ती सोफ्यामागे जायला लागली. शिकली ती, नाही कशी, लपून करायला शिकली. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण सासूबाई समोर होत्या, म्हणून फडकं आणून पुसून घेतलं.

दुसऱ्या डोसाला नेलं तर तिला जुलाब लागलेले. डॉक्टरांनी ताप बघितला, पोट चाचपलं आणि म्हणाले, पोट ठीक झाल्याशिवाय लस देणार नाही, आठवड्याने आणा. मग विचारलं, “दूध कोण देतं?”

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा भिंतीवरचं गाईच्या जातींचं चित्र बघत होता.

त्या रात्री जेवताना सासूबाईंनी विषय संपवला. “अगो, मला हे आता झेपत नाही. थोरल्याला फोन केलाय. रविवारी येतोय, घेऊन जाईल पावसला.”

थोरले दीर पावसला राहतात, आंब्याची बाग आहे. मोहोर आला की वानरांचा सुळसुळाट होतो, म्हणून त्यांना बागेत कुत्रा लागतोच. आधीचा होता तो मांगराच्या, म्हणजे बागेतल्या राखणीच्या खोपटाच्या, खांबाला बांधलेला असायचा. एका सकाळी गडी गेला तर नुसती साखळी. बिबट्याने नेला. हे त्यांनी गणपतीत, मोदक खाता खाता सांगितलं होतं, छपराचं कौल फुटलं असं सांगावं तसं. बागेतली कुत्री अशीच जातात, म्हणाले, आणि तूप मागितलं.

त्याच खांबाला आता ही. तीन महिन्यांचीसुद्धा नाही, एकच डोस झालेला, अंधार पडला की माझ्या पायात घुसणारी.

“मोकळ्या हवेत राहील की,” नवरा म्हणाला.

“साखळीला बांधून मोकळी?” मी म्हटलं. तो भाताकडे बघत राहिला. बघण्यात तो तरबेजच आहे.

शुक्रवारी दुपारी मी डोकं दुखतंय सांगून बँकेतून निघाले. डोकं खरोखरच दुखत होतं, कारण त्यात एकच गोष्ट होती. पुढच्या गेटाचा आवाज होतो म्हणून मागून, परड्यातून आले. मागच्या दाराशी पोचले तर आतून खरवडल्याचा आवाज आला. दाराच्या खालच्या फळीवर नखं. खर्र, थांबायचं, बारीक कुईकुई, पुन्हा खर्र.

आणि आतून नवऱ्याचा आवाज. “गप गं. बघतोय ना मी.”

खिडकीच्या गजांतून बघितलं. साहेब खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर, हातात मोबाइल, त्यावर क्रिकेट. जमिनीवर तिची ताटली, त्यात दूधभात. पिल्लू दाराशी आलं, खरवडलं, वळून त्याच्याकडे गेलं, त्याच्या पँटला तोंड लावलं, पुन्हा दाराशी आलं. आणखी कसं सांगायचं तिने? अर्ज लिहून द्यायचा होता? मी दारावर थाप मारली, पण कडी आतून. वळसा घालून पुढच्या दाराने आत जाईपर्यंत पायपुसणं ओलं झालं होतं आणि हा म्हणत होता, “शी. परत केलंस?”

त्यानंतर मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या वहिनींनी रेडिओ बंद केला, एवढं सांगते. ती शिकली आहे, मी म्हटलं. बाहेर जायचं असतं हे तिला कळतं, कुठल्या दाराने हे कळतं, तुला सांगायचं हेही कळतं. मठ्ठ कोण आहे या घरात?

“मला वाटलं खेळतेय,” तो म्हणाला. “आणि दूध घशाखाली पटकन उतरतं. मला परत ऑफिसला पोचायचं असतं.”

म्हणजे त्याची घाई, तिचे जुलाब, आईंचं पुसणं, आणि शिक्षा कुणाला, तर हिला, बिबट्याच्या वाटेवर. संताप संताप झाला माझा. रात्री सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तू तिचीच बाजू घेणार. थोरल्याला आता नाही कसं म्हणू?

रविवारी दीर आले. नारळांचं पोतं आणलं आणि पडवीत नवीकोरी साखळी ठेवली. चहा झाला. खुर्च्यांवर आम्ही चौघं आणि विषय एकच, ही कशी शिकत नाही. दूध बंद होऊन दोन दिवस झाले होते, तिचं पोट ताळ्यावर आलं होतं. मी ठरल्या वेळेला तिला भात दिला आणि येऊन बसले. मुद्दाम बसले. पदर घट्ट धरून.

थोड्या वेळाने ती उठली. जमीन हुंगत गोल फिरली, मागच्या दाराशी गेली. खर्र.

“बागेत कामात राहिली की आपोआप शहाणी होईल,” दीर सांगत होते.

खर्र. ती आली, नवऱ्याच्या गुडघ्याला नाक लावलं, परत दाराशी गेली. मी जागची हलले नाही. माझ्याने राहवत नव्हतं, तरी हलले नाही. आता तिने तिथेच केलं असतं तर सगळं संपलं होतं.

“अरे, ती काय मागतेय बघा तरी,” सासूबाई म्हणाल्या. “दार उघडा कुणीतरी.”

नवरा उठला. त्याला उठावंच लागलं, सगळे त्याच्याकडेच बघत होते. कडी काढली तशी ती सुसाट परड्यात, फणसाखाली बसली, उठली, आणि शेपूट हलवत परत माझ्याकडे. मी तिला शाबासकी दिली. सासूबाई पायपुसण्याकडे बघत राहिल्या. ते कोरडं होतं.

दीर हसायला लागले. धाकट्या भावाला म्हणाले, “ही तर शिकलेली आहे रे. मग मी न्यायचं कुणाला, तुला?”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी विचारलं, “दादा, आधीचा मठ्ठ होता म्हणून गेला का?”

त्यांचं हसणं थांबलं. कप खाली ठेवला. “नाही गो. चांगला होता तो. रात्री ओरडत असेलही. पण बघायला तिथे होतं कोण?”

जाताना त्यांनी साखळी उचलली आणि जीपमध्ये टाकली. सासूबाईंनी त्यांना थांबवलं नाही.

सोमवारी एकच्या सुमाराला बँकेत फोन आला. समोर पासबुकवाल्यांची रांग होती. नवरा हळू आवाजात बोलत होता, जणू ती ऐकेल. “अगं, ती दार खरवडतेय.”

“मग दार उघड.”

कडी निघाल्याचा आवाज आला. “उघडलं. आता?”

“आता तिच्याबरोबर बाहेर जा,” मी म्हटलं, “आणि बघ.”